अंश दिसतो, छेद कुठे आहे?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे कोचिंग क्लासचा फ्लेक्स दिसला की मला अपूर्णांक दिसतो. ‘नीटमध्ये आमचे 12 विद्यार्थी!’ हा झाला अंश. रेघेखाली काय आहे? समजा, बसले 1200. म्हणजे शंभरात एक. पलीकडच्या गल्लीत कुणी चाळीस मुलांना शिकवतो, त्याची चार लागली. म्हणजे दहात एक. पण चौकात फ्लेक्स बाराचाच लागतो, कारण चार चेहऱ्यांनी चौक भरत नाही. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हा फ्लेक्स बघूनच फी भरली आहे.

आमच्या शेजारच्या मुलीची गोष्ट सांगतो. मागे एकदा सांगितली होती, पण पुन्हा ऐका. निकाल लागला, पोरीला एमबीबीएसची सीट मिळाली आणि आठवड्याभरात ती तीन फ्लेक्सवर झळकली. पहिल्या क्लासला ती दोन वर्षं गेली होती, तेव्हा तो फ्लेक्स रास्त. दुसऱ्याकडून तिने शेवटचे दोन महिने फक्त टेस्ट सिरीज घेतली होती. तिसऱ्याकडे दहावीच्या सुट्टीत एका मोफत मार्गदर्शन मेळाव्याला गेली होती. तिथे वडापाव मिळाला आणि एक फॉर्म भरून घेतला, एवढाच संबंध. तिची आई तिसऱ्याकडे विचारायला गेली, तर त्यांनी फॉर्म काढून दाखवला. खाली बारीक अक्षरात छापलेलं, ‘यशस्वी झाल्यास छायाचित्र वापरण्यास संमती.’ सही पंधरा वर्षांच्या मुलीची! आई म्हणाली, “अहो, हिने तुमच्याकडे फक्त वडापाव खाल्ला.” ते म्हणाले, “ताई, मार्गदर्शनही घेतलं.”

आता ह्या गोष्टीत नियम कुठे बसतात ते बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. संमती निवड झाल्यानंतर घ्यायची, प्रवेशाच्या वेळी नव्हे. म्हणजे तो फॉर्म कामाचा नाही. फोटोसोबत मुलाचं नाव, क्रमांक, त्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला आणि तो पैसे देऊन केला का, हे द्यायचं. खुलाशाची अक्षरं दाव्याच्या अक्षरांएवढीच हवीत. निवडीची हमी द्यायची नाही, ‘शेवटच्या 5 जागा’ अशी खोटी घाई करायची नाही. हे सगळं आलं कारण यूपीएससीच्या क्लासेसच्या जाहिरातींत हाच प्रकार सापडला. यशस्वी म्हणून मिरवलेल्यांपैकी बरेच जण फक्त मुलाखतीच्या मोफत सरावाला आलेले असायचे.

पण माझी तक्रार उरतेच. ‘कोर्स’ लिहायला लावला, मान्य. छेद लिहायला कुणी सांगितलं नाही. आणि ही तत्त्वं पन्नासहून जास्त मुलं असलेल्या क्लासलाच लागू. पन्नासच्या आतला गुरुजी काय वाटेल ते छापू शकतो असं नाही, फसवी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतेच. पण हा सविस्तर खुलासा त्याच्या गळ्यात नाही.

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अहो, मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय. असो, पळत सांगतो.

फ्लेक्स सगळ्यांना दिसतो. मोबाइलवरची जाहिरात एकेकाला हेरून दिसते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर किशोरवयीनांना आवडीनिवडी बघून जाहिरात दाखवता येत नाही. फेब्रुवारी 2023पासून लिंगही वगळलं, वय आणि ठिकाण एवढंच उरलं. आपला 2023चा विदा, म्हणजे डेटा, संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. अठराखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं त्यात मना आहे. नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, पण हे कलम लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत.

फट कुठे आहे? तर क्लासवाले नववीतल्या मुलांसाठी घेतात त्या ‘स्कॉलरशिप परीक्षे’त. परीक्षेच्या अर्जात इयत्ता, शाळा, मागच्या वर्षीचे गुण आणि मोबाइल नंबर लागतो. नंबर बहुतेक वेळा आईचा. ती नंबरांची यादी जाहिरातदार प्लॅटफॉर्मवर चढवतो, तिथे जुळणाऱ्या खात्यांना जाहिरात जाते. खातं आईचं, वय बेचाळीस, म्हणून किशोरांची बंधनं लागतच नाहीत. बघतो मात्र मुलगा, कारण संध्याकाळी फोन त्याच्याच हातात असतो. आणि गुण माहीत असल्यामुळे गणितात नापास झालेल्या पोरालाच ‘अजूनही वेळ गेलेली नाही’ दिसतं. कमी गुणांच्या मुलाला अपयशी दाखवू नका, असं जाहिरात मानक परिषदेची संहिता म्हणते. इथे दाखवावंही लागत नाही, नेम धरला की झालं.

तेव्हा अर्ज भरताना गुणांचा रकाना कोरा ठेवून बघा. परीक्षा घ्यायला निघालेल्याला मागच्या वर्षीचे गुण कशाला लागतात? आणि फ्लेक्सवाल्याला विचारा, ‘एकूण बसले किती?’ मी आमच्या चौकात तिघांना विचारलं. दोघांनी माहितीपत्रक दिलं, तिसऱ्याने चहा पाजला.

बरं, आभारप्रदर्शनवाले उभे राहिलेत. थांबतो.