कुठला ग्राहक आपल्या बाजूनं बोलतो?

मार्केटिंगच्या बैठकीत टेस्टिमोनियल, म्हणजे जाहिरातीत छापायचा ग्राहकाचा अभिप्राय, निवडायची वेळ आली की बहुतेक वेळा दोनच निकष लागतात. नाव किती मोठं आहे आणि कौतुक किती भरभरून केलंय. हे दोन्ही निकष का फसतात, ते एक उदाहरण घेऊन दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, पण यातली माणसं तुम्हाला ओळखीची वाटतील.

समजा, एक कंपनी पगार काढण्याचं सॉफ्टवेअर विकते. तिचं पोझिशनिंग, म्हणजे आपण कुणासाठी आणि कशासाठी आहोत हे सांगणारी तिची भूमिका, असं आहे: ज्या छोट्या कंपनीत पगारासाठी वेगळा विभाग नाही, तिथल्या एकट्या अकाउंटंटला महिनाअखेरीस कुणावर अवलंबून न राहता पगार काढता यावा. म्हणजे हिची स्पर्धा दुसऱ्या सॉफ्टवेअरशी फारशी नाहीच. ती एक्सेलच्या शीटशी आणि बाहेरच्या सल्लागाराशी आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता तीन ग्राहक बोलतात. पहिल्या आहेत एका नावाजलेल्या, मोठ्या कंपनीच्या एचआर प्रमुख. त्या म्हणतात, "टीम उत्तम आहे, आम्हाला हवे तसे रिपोर्ट बनवून दिले, सपोर्ट तत्पर आहे." दुसरे एका छोट्या कंपनीचे मालक. "आधी देत होतो त्याच्या निम्म्यात काम होतंय." तिसरी आहे एक अकाउंटंट, जिच्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. तिचं बोलणं जरा लांब आहे: "कुणी महिन्याच्या मध्येच रुजू झालं किंवा बिनपगारी रजेवर गेलं की मी शीट सल्लागाराला पाठवायचे आणि वाट बघत बसायचे. आता तारीख टाकली की हिशोब समोर दिसतो. पहिले दोन महिने मी दोन्हीकडे पगार काढला, कारण माझा विश्वास नव्हता. दुसऱ्या महिन्यात एका माणसाच्या पगारात फरक आला. बघितलं तर चूक माझ्या जुन्या शीटमध्ये होती."

बैठकीत पहिला आवाज जिंकतो. लोगो मोठा असतो ना! पण तो अभिप्राय नीट वाचा. कंपनीचं नाव झाका आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव टाका. काही बिघडतं का? काहीच नाही. चांगली टीम, तत्पर सपोर्ट, हे कुणाबद्दलही म्हणता येतं. शिवाय त्यात एक छुपा तोटा आहे. "हवे तसे रिपोर्ट बनवून दिले" हे वाचून एकटा अकाउंटंट काय समजतो? हे मोठ्यांचं काम दिसतंय, आपल्याला इथे कोण विचारणार. म्हणजे आपणच पैसे खर्चून आपल्या खऱ्या ग्राहकाला दारातून परत पाठवतो.

मालकांचा अभिप्राय ओळखणं जास्त अवघड, कारण तो खरा आहे, आपल्याच गटातल्या माणसाचा आहे आणि मनापासून आलाय. पण ते मालक वेगळ्याच गोष्टीवर खूश आहेत. "स्वस्त" हा शब्द पहिल्या पानावर गेला की येणारा प्रत्येक जण किमतीचं माप घेऊन येतो, आणि उद्या कुणी आणखी स्वस्त दिलं की तोच ग्राहक निघूनही जातो. हा अभिप्राय फेकायचा नाही. किमतीची चौकशी करणाऱ्याला तो दाखवा. फक्त ब्रँडची ओळख त्याच्या हाती देऊ नका.

तिसऱ्या आवाजात काय आहे ते बघा. ती आधी काय वापरत होती, हे आहे. कुठे अडत होती, हे नेमकं आहे: महिन्याच्या मध्ये रुजू झालेला माणूस. आणि तिला शंका होती. गंमत म्हणजे छापायला जाताना सगळ्यात आधी कात्री लागते ती "माझा विश्वास नव्हता" याच वाक्याला. नकारात्मक वाटतं म्हणून. पण वाचणाऱ्या अकाउंटंटच्या मनात नेमकी तीच शंका असते. ती काढली की उरतं ते गुळगुळीत कौतुक. शिवाय दोन महिने दोन्हीकडे पगार काढून बघणं, ही त्या वाचकाला आयती मिळालेली वाट आहे. तोही तसंच करून बघेल.

असं बोलणं आपोआप मिळत नाही, हेही खरं. "आमचं उत्पादन कसं वाटलं?" असं विचारलं की माणूस शिष्टाचारानं उत्तर देतो, "छान आहे." मी असले प्रश्न विचारतो: आमच्याकडे यायच्या आधी हे काम कसं करत होता? "आता पुरे" असं कधी वाटलं, त्या दिवशी काय झालं होतं? ऑफिसात नको कोण म्हणत होतं? आणि उद्या आमचं बंद पडलं तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नाला मी फार मानतो. "परत एक्सेल आणि सल्लागार" असं उत्तर आलं तर हा माणूस आपल्या पोझिशनिंगमध्ये बसतो. "दुसरं स्वस्त सॉफ्टवेअर बघू" असं आलं तर तो आपल्याला किमतीसाठी वापरतोय.

केस स्टडी लिहायची तर आकडे लागतात, आणि इथे बरेच जण उशीर करतात. "वेळ सत्तर टक्के वाचला" असं लिहून मोकळे होतात, पण आधी किती वेळ लागत होता, याची नोंदच नसते. वर्षभरानं विचारलं तर ग्राहक अंदाजानं सांगतो. म्हणून जुनी पद्धत चालू असतानाच, पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायचं: पगार काढायला किती तास, सल्लागाराकडे किती फेऱ्या, किती चुका नंतर दुरुस्त कराव्या लागल्या. आणि सगळ्यात चमकदार आकडा एकाच ग्राहकाचा असेल तर जपून. "सगळ्यांना असा परिणाम मिळेलच असं नाही" एवढी बारीक ओळ टाकून पूर्वी अमेरिकेत भागायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २००९ साली ही सूट काढून घेतली. सर्वसाधारण ग्राहकाला काय मिळतं, ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. कायदा कुठलाही असो, वाचणाऱ्याला तो फरक नंतर कळतोच.

मघाशी एकानं विचारलं, आपल्याला हवे तेच आवाज निवडायचे म्हणजे ही फसवणूक नाही का? रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर मोजणीत आहे. समजा, बारा ग्राहकांशी बोललात. प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: हा कशासाठी थांबलाय? बारापैकी सात-आठ जण "कुणावर अवलंबून राहावं लागत नाही" असं काही ना काही म्हणत असतील, तर त्यातला सगळ्यात स्पष्ट बोलणारा निवडणं ही संपादकाची निवड झाली. पण दोघेच तसं म्हणताहेत आणि नऊ जण किमतीबद्दल बोलताहेत, तर ते दोघे छापून काही साधणार नाही. येणारा ग्राहक एक ऐकून येईल आणि त्याला दुसरंच मिळेल. मग टेस्टिमोनियलची फाइल बंद करा आणि पोझिशनिंगचं वाक्य पुन्हा टेबलावर घ्या. उत्पादन बदलायचं की वाक्य, हे आधी ठरवा.

राहिला मंजुरीचा भाग. अभिप्राय छोटा केला असेल तर तो कुठे जाणार, कशाच्या शेजारी बसणार, हे दाखवून लेखी होकार घ्या. ग्राहकाचा कायदा विभाग बहुतेकदा ती शंकेचीच ओळ काढायला सांगतो. अशा वेळी मी नाव आणि लोगो सोडायची तयारी दाखवतो, हुद्दा आणि कंपनीचा आकार ठेवतो, आणि ती ओळ मागून घेतो.