आमटीतला गूळ आणि सासूबाईंचे शेरे

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळचे साडेसात वाजलेत, आमटीला उकळी आलीय, मागून आवाज येतो, "अगं, गूळ विसरलीस वाटतं. आमच्याकडे अशी नसते हो आमटी." ऐकणारीला वाटतं, दिवसभर हेच चाललंय. म्हणून आधी चार दिवस फक्त लक्ष ठेवा: कोणता शेरा, किती वाजता, कशावर. बहुतेक घरांत शेरे ठरावीक वेळांना येतात. फोडणी देताना, बाळाच्या आंघोळीला आणि पाहुणे येण्याआधी. दिवस मोठा वाटतो, पण अडचणीच्या जागा दोन-तीनच निघतात. प्रत्येक जागेचं उत्तर मात्र निराळं.

गुळाचा प्रश्न चवीचा आहे. तिथे कारणं देऊ नका. "यांना गोड चालत नाही" म्हणालात, की "लहानपणी वाट्यावाट्यांनी प्यायचा" हे उत्तर तयार असतं. कारण दिलं की ते खोडता येतं, ठरवलेलं सांगितलं की खोडायला काही उरत नाही. गॅस बारीक करून, त्यांच्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात एवढंच म्हणा: "आई, आज अशीच करते. शुक्रवारची आमटी तुमच्या हातची." दुसरं वाक्य महत्त्वाचं. तीस-पस्तीस वर्षं ज्या ओट्यावर त्यांचा शब्द चालला, तिथे आता त्यांना करायला काही उरलेलं नसतं, आणि बरेचसे शेरे त्या रिकामपणातून येतात. शुक्रवार खरोखर त्यांचा ठेवायचा. त्या दिवशी गूळ जास्त झाला तरी आपण बोलायचं नाही, नाहीतर सगळंच मोडलं. आणि "मग तुम्हीच करा ना रोज!" हे वाक्य गिळा. त्यात सोय दिसते, पण ऐकू येतो तो राग.

घरकामातल्या शेऱ्यांना एकदा "का?" विचारून बघा. मिसळणाच्या डब्यात ओला चमचा घालू नकोस, यामागे हळद-तिखटाच्या गुठळ्या होतात हे साधं कारण असतं. असं एखादं पटलेलं मनापासून उचला आणि तसं सांगाही. बाकी कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या वगैरे, "बरं" म्हणून सोडून द्यायचं.

बाळाच्या तब्येतीचं मात्र तसं सोडून देता येत नाही. समजा, बाळ अडीच महिन्यांचं आहे आणि सासूबाई सहाणेवर बाळगुटी उगाळून मधाचं बोट लावायला निघाल्यात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यायचं. मध तर वर्षभर नाहीच, कारण त्यात बोटुलिझम या आजाराचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. हे सुनेने सांगितलं तर "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" इथे गाडी अडते. म्हणून मुलाने सांगावं. एकट्या आईला, दुपारच्या चहाच्या वेळी, पाहुण्यांसमोर कधीच नाही. "आई, हिला आवडत नाही" असं म्हणाला, की बायकोला पुढे करून तो बाजूला झाला. त्याऐवजी, "आई, डॉक्टरांनी मध आणि गुटी नको सांगितलंय, आम्ही दोघांनी तसंच ठरवलंय. मालिश आणि आंघोळ मात्र तूच घाल." दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना त्यांनाही बरोबर न्या. डॉक्टरांकडून त्यांनी स्वतः ऐकलं, तर घरी पुन्हा वाद घालावा लागत नाही.

पुढे काय होतं तेही सांगून ठेवते. पहिले काही दिवस शेरे बहुधा वाढतात. नेहमीचं उत्तर मिळेना, म्हणून माणूस थोडं जोरात विचारून बघतं. इथेच बहुतेक जणी चुकतात. तीनदा गप्प बसतात आणि चौथ्यांदा पाच वर्षांचा हिशेब बाहेर काढतात. त्यापेक्षा तेच वाक्य, त्याच आवाजात, चौथ्यांदाही.

हे सगळं बोलणं टोचतं तिथपर्यंतचंच. हात उगारणं, जेवण तोडणं, पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, याला गोड वाक्यांचा उपाय नाही. त्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

आमटीचं जमतंय हे ओळखायची खूण बारीक आहे. एखाद्या संध्याकाळी "गूळ विसरलीस वाटतं" याऐवजी ऐकू येतं, "गूळ घालणार आहेस का गं?" हा खरा प्रश्न आहे; त्याला जुन्या शेऱ्याचं उत्तर देऊ नका. नसेल घालायचा तर "आज नाही, आई" म्हणा, आणि घालायचा असेल तर किती, ते त्यांनाच विचारा.