शून्य शुल्काचे सत्तावीस युरो

मंडळी, वेळ थोडा आहे, पण आधी बहिणीच्या डिपॉझिटची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तिला घरमालकाला ८८० युरो द्यायचे होते. मी १,००० डॉलर पाठवले. पैसे पाठवायला निवडलेल्या कंपनीच्या पानावर ठळक अक्षरांत ‘शुल्क शून्य’ लिहिलं होतं. त्या दिवशी बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा, डॉलरला ०.९० युरो होता. म्हणजे ९०० पोचतील, वर वीस उरतील, असा माझा हिशेब. बहिणीचा फोन आला, “दादा, ८७३च आलेत.” सात युरो कमी पडले आणि घरमालक अडून बसला.

पावती पुन्हा वाचली. शुल्काच्या रकान्यात खरंच शून्य होतं. दर मात्र ०.८७३ लावलेला. मधल्या दरापासूनचा हा फरक म्हणजे त्यांची कमाई, आणि ती पावतीवर कुठेही खर्च म्हणून दिसत नाही. सत्तावीस युरो गेले, तेही फुकट सेवेत! याचा राग मला अजून आहे.

दुसरी एक कंपनी ८ डॉलर शुल्क घेत होती, म्हणून मी ती बघताक्षणी सोडली होती. तिचा दर होता ०.८९६. आठ वजा करून ९९२ डॉलर या दराने बदलले, तर जवळपास ८८९ युरो होतात. डिपॉझिट भागलं असतं.

पण म्हणून तीच कायम स्वस्त असं समजू नका. शंभरच डॉलर पाठवायचे असते तर शून्य शुल्कवालीकडून ८७ युरो पोचले असते, आठ डॉलरवालीकडून जेमतेम ८२. ठरावीक शुल्क लहान रकमेला झोंबतं, दरातला फरक रकमेबरोबर वाढत जातो. या दोघींचं पारडं साधारण ३१२ डॉलरला फिरतं. जागतिक बँकसुद्धा पाठवणीचा खर्च काढताना शुल्क आणि दरातला फरक दोन्ही धरते, आणि २०० व ५०० डॉलर अशा दोन रकमांसाठी वेगवेगळा काढते. तुम्हीही आपल्याच रकमेवर हिशेब करा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो. बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पाठवताना फॉर्मवर SHA, म्हणजे खर्च दोन्ही बाजूंनी वाटून घ्यायचा पर्याय असेल, तर वाटेतली मध्यस्थ बँक आपलं शुल्क रकमेतूनच कापू शकते. पूर्ण रक्कम पोचायलाच हवी असेल तर OUR निवडा. तो खर्च तुमच्याकडून घेतला जातो.

आणि दर मिनिटागणिक हलतो. सकाळी एकीचा, संध्याकाळी दुसरीचा आकडा घेऊन तुलना होत नाही. दोन्ही पानं शेजारी उघडा, तीच रक्कम टाका आणि ‘समोरच्याला मिळणार’ हाच आकडा बघा. दर किती वेळ पक्का आहे तेही अनेकदा तिथे लिहिलेलं असतं. तुमचे पैसे त्या वेळेत कंपनीकडे पोचले नाहीत, तर नवा दर लागू शकतो.