नाण्याएवढा रेटा आणि एक छोटासा डायोड

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एक रुपयाचं नाणं असेल, तर ते तळहातावर ठेवून बघा. तीन-चार ग्रॅमचं ते नाणं तळहाताला जेमतेम जाणवतं. जपानच्या 'हायाबुसा' यानाची तीन आयन इंजिनं एकदम चालू असली, तरी यानाला मिळणारा रेटा त्या नाण्याच्या भारापेक्षा कमीच असायचा, साधारण अडीच ग्रॅमच्या भाराएवढा. आणि यान होतं ५१० किलोंचं.

एवढ्याशा रेट्यानं दिवसभरात यानाचा वेग ताशी जेमतेम १५ किलोमीटरनं बदलतो. पण अंतराळात हवा नाही, घर्षण नाही. आज मिळालेले १५ उद्याही शाबूत असतात आणि त्यात उद्याचे १५ पडतात. महिन्याभरात ताशी साडेचारशे होतात. साधं रासायनिक इंजिन काही मिनिटं धडाडून जळतं आणि इंधन संपवून गप्प होतं. आयन इंजिन हजारो तास चालतं, कारण त्यातून झेनॉन वायूचे कण सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं बाहेर पडतात, म्हणजे रासायनिक इंजिनातल्या वायूच्या जवळजवळ दहापट वेगानं. कण जितका वेगानं फेकाल, तितकं कमी इंधन पुरतं. हायाबुसाबरोबर झेनॉन होता फक्त ६६ किलो.

जाता जाता एक सांगतो. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांत प्रवासातल्या यानामागे कायम ज्वाळा काढलेल्या असतात. त्या काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्या चित्रामुळे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की इंजिन थांबलं की यान थांबतं, आणि मग पुढं दहावीपर्यंत जडत्व शिकवताना शिक्षकांना त्या ज्वाळाच विझवत बसावं लागतं.

असो. आता या इंजिनाचे दोन भाग लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी हकिगत त्या दोन भागांवर उभी आहे. पहिला भाग आयन तयार करतो. झेनॉनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेतले की धनभारित आयन उरतात. मग बारीक भोकांच्या जाळ्यांवर हजाराहून जास्त व्होल्ट देऊन ते बाहेर फेकायचे. दुसरा भाग म्हणजे न्यूट्रलायझर. तो बाहेर इलेक्ट्रॉन सोडतो. हे कशाला? तर नुसते धनभारित कण बाहेर टाकत राहिलो, तर यान स्वतः ऋणभारित होतं. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे कसे ओढतो? तसं यान आपलेच आयन माघारी ओढायला लागतं. रेटा संपला. म्हणून आयन जितके, तितके इलेक्ट्रॉनही बाहेर गेलेच पाहिजेत. पुन्हा सांगतो: एक भाग आयन फेकणारा, दुसरा इलेक्ट्रॉन सोडणारा. एक बिघडला की दुसरा कितीही धडधाकट असला तरी उपयोग नाही.

आता हायाबुसाची गोष्ट. ९ मे २००३ रोजी ते निघालं, इतोकावा नावाच्या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहावरची माती आणायला. त्याच्यावर चार इंजिनं होती: ए, बी, सी आणि डी. त्यातल्या ए इंजिनाचा आयनांचा भाग सुरुवातीलाच अस्थिर निघाला, म्हणून ते बंद करून ठेवलं. बाकीच्या तिघांवर यान २००५च्या सप्टेंबरात इतोकावाला पोहोचलं आणि नोव्हेंबरात तिथं उतरलंही. पण नंतर दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांचं रासायनिक इंधन गळून गेलं. यान गिरक्या खाऊ लागलं आणि डिसेंबरात संपर्क तुटला, तो थेट जानेवारी २००६मध्ये पुन्हा लागला. परतायचं होतं २००७मध्ये, ते तीन वर्षांनी पुढं गेलं.

त्या लांबलेल्या वर्षांनी इंजिनं थकवली. न्यूट्रलायझर झिजतो हे जमिनीवर बसून कसं कळतं? तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेर काढायला जास्त व्होल्ट लागू लागतात. आकडा दर महिन्याला थोडा थोडा चढतो. बी इंजिनाचा असाच चढला, ते २००७मध्ये थांबवावं लागलं. सीचाही चढत होता. मग ४ नोव्हेंबर २००९ रोजी डी इंजिनाचा आकडा मर्यादा ओलांडून गेला आणि ते आपोआप बंद पडलं. पृथ्वी अजून दूर होती, वेगात बदल करायचा शिल्लक होता आणि हातात धड इंजिन एकही नव्हतं.

आता हिशेब मांडा. एचा आयनांचा भाग बिघडलेला, पण ते फारसं चाललंच नव्हतं, म्हणून त्याचा न्यूट्रलायझर जवळजवळ नवा. बीचा न्यूट्रलायझर झिजलेला, पण आयनांचा भाग ठीक. म्हणजे एचे इलेक्ट्रॉन आणि बीचे आयन! कागदावर सोपं आहे. पण प्रत्येक इंजिनाचं विजेचं मंडळ स्वतंत्र असतं, आणि करोडो किलोमीटरवरच्या यानात वायर जोडायला कोण जाणार?

वायर जोडलेली होती. इंजिनांचे प्रमुख हितोशी कुनिनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्डाणाआधीच या मंडळांमध्ये विजेला एकाच दिशेनं वाट देणारा एक छोटासा डायोड बसवून ठेवला होता. बीचे आयन बाहेर पडले की उरलेले इलेक्ट्रॉन त्या वाटेनं एच्या न्यूट्रलायझरपर्यंत पोहोचू शकत होते. याला किंमतही होती: दोन्ही इंजिनांना झेनॉन पुरवायचा आणि रेटा मात्र एकाचाच मिळायचा. पण टाकीत झेनॉन उरला होता. आज्ञा पाठवली आणि रेटा मिळाला, साडेसहा मिलिन्यूटन, म्हणजे ग्रॅमच्या दोन तृतीयांशाएवढा भार. त्यानं यानाच्या वेगात दिवसाला ताशी पाचेक किलोमीटरचा बदल होई, आपण चालतो तितका. १९ नोव्हेंबरला जपाननं हे जाहीर केलं आणि मार्च २०१०च्या अखेरीस मार्ग दुरुस्त करून झाला.

आणि या सगळ्या काळात यान सरळ कसं राहिलं? दिशा धरणारी तीन चाकं होती, त्यातली दोन बंद पडली होती. रासायनिक इंधन गळून गेलेलं. मग न्यूट्रलायझरमधून थंड झेनॉनच्या फुंकरी मारल्या. पण झेनॉन परवडेना, तेव्हा सूर्यप्रकाशाचाच आधार घेतला. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला ढकलतो, अगदी हलकेच. सौरपट्ट्यांवर पडणाऱ्या त्या दाबाचा नेमका हिशेब करून आणि उरलेल्या एका चाकाच्या मदतीनं यान सूर्याकडे तोंड करून ठेवलं.

हाच दाब मुद्दाम मोठ्या पडद्यावर घेतला की झालं सौरशीड. पृथ्वीच्या अंतरावर स्वच्छ आरशाच्या एका चौरस मीटरला सुमारे ९ मायक्रोन्यूटन मिळतात. जपानच्याच 'इकारोस'चं शीड प्रत्येक बाजूला १४ मीटर होतं आणि जाडी साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या आसपास. ते उलगडायला दांडे नव्हते. चार कोपऱ्यांना अर्ध्या अर्ध्या किलोची वजनं बांधली आणि यान गरगर फिरवलं, की घागऱ्यासारखं शीड पसरलं. वळायचं असेल तर कडेच्या द्रवस्फटिक पट्ट्या चालू-बंद करायच्या. चालू असताना त्या आरशासारख्या चमकतात, बंद केल्या की प्रकाश विखुरतात. दोन बाजूंवरचा दाब वेगळा झाला की शीड कलतं. रेटा मिळाला १.१२ मिलिन्यूटन आणि त्यासाठी इंधनाचा एक कणही जळला नाही.

मर्यादा दोघांनाही एकच आहे: सूर्यापासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो. गुरूजवळ तो पृथ्वीपाशी असतो त्याच्या सत्ताविसाव्या भागाएवढाच. शीड तिथं लुळं पडतं आणि सौरपट्ट्यांवर चालणारं आयन इंजिनही उपाशी राहतं. म्हणून शीडवाले आधी सूर्याच्या जवळ जाऊन वेग साठवायचा विचार करतात.

इकारोसचं शीड पूर्ण ताणलं गेलं ते १० जून २०१०च्या सुमारास. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ जूनच्या रात्री, हायाबुसा ऑस्ट्रेलियात वूमेराच्या आकाशात जळून गेलं आणि त्याची कुपी पॅराशूटनं वाळवंटात उतरली. त्या कुपीत इतोकावाचे दीड हजाराहून जास्त कण सापडले.

नमस्कार.