दाराशी ठेवलेली पिशवी

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. बंद दारांआडून यंत्रमागांचा खडखडाट.)

निवेदन :
पूर्व भागात माग सुरू झाले की कुणी हळू बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. त्यामुळं इथली आई नुसतं “जेवलास का?” म्हणाली तरी बाहेरच्याला वाटतं, भांडण चाललंय.

या गल्लीच्या टोकाला एका शाळेचा वर्ग रविवारी रिकामा असतो. तिथं आठ-दहा जण एकांकिका बसवतायत. ती त्यांच्यातल्याच एकानं लिहिलीय. दिवसा तो टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री नाटक. पहिला खर्डा वाचायला त्यानं मला बोलावलं.

(दृश्य: वर्गातली सतरंजी, वहीची पानं, चहाचे कप.)

गोष्ट थोडक्यात अशी. नरसूला चादरीवरच्या नक्षीचं काम शिकायचंय आणि पुढं पुण्याला जायचंय. त्याला शिकवणारे एक म्हातारे मास्तर आहेत. घरी आई आहे, विड्या वळणारी. “लग्न कर, नोकरी बघ” हे तिचं पालुपद. तिसाव्या मिनिटाला मास्तरांना खोकल्याची उबळ येते. ते नरसूच्या हातात आपलं अवजार ठेवतात, धाग्याबद्दल एक सुंदर वाक्य बोलतात आणि मरतात.

त्या वाक्याला टाळ्या पडणार, याची मला खात्री होती. अडचण तीच होती. मास्तर टाळीसाठी मरत होते आणि आई पुढच्या प्रवेशापर्यंत वेळ काढायला ओरडत होती. दोघांना स्वतःसाठी असं काही हवंच नव्हतं, स्वतःचा हेतूच नव्हता.

लेखक चिडला. म्हणाला, “सर, माझी आई अश्शीच आहे की!”

असेल. मग आम्ही पेन्सिल घेऊन आईची वाक्यं मोजली. एकतीस निघाली. त्यातली एकोणतीस नरसूबद्दल होती. उरलेल्या दोनांत तिनं एकदा शेजारणीला हाक मारली होती आणि एकदा मांजराला हाकललं होतं. मांजराला हाकलताना ती माणूस वाटत होती.

(दृश्य: मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री. फक्त हात दिसतात.)

पुढच्या रविवारी नवा खर्डा आला. त्यात आईला भजनाची आवड होती. पण आवड म्हणजे हेतू नव्हे. ती भजन म्हणते, थांबते, पुन्हा मुलावर ओरडते. भजन काढून टाकलं तरी एकही वाक्य बदलत नव्हतं. आमची ती पहिली चाचणी ठरली: पात्राला दिलेली गोष्ट काढून घ्यायची आणि संवाद हलतात का बघायचं. हलले नाहीत, तर आपण पात्राला फक्त दागिना घातलाय.

तिसरा खर्डा जास्त फसवा होता. त्यात आई डब्यात पैसे साठवत होती, चोरून. शेवटी डबा उघडतो आणि कळतं की पैसे नरसूच्या पुण्याच्या फीचे होते. वाचताना दोघीजणींचे डोळे भरून आले. मलाही क्षणभर गलबललं, नाही म्हणत नाही. पण नीट बघा, यात आईनं स्वतःसाठी काय मागितलं? काहीच नाही. कटकटी आईच्या जागी त्यागी आई आली. हीही साच्यातलीच, फक्त लुगडं बदललेलं. लेखकानं गुप्त हेतू दिला होता, पण तो हेतू पुन्हा नायकाच्याच खिशात जाऊन पडला. नवं लिहिणारे बहुतेक इथंच अडकतात, कारण रडू आलं म्हणजे जमलं असं वाटतं.

मग मी सगळ्यांना एक प्रश्न विचारला. नरसू चार दिवस घरात नसला, तर ही बाई काय करेल?

बराच वेळ कुणी बोललं नाही. आईचं काम करणारी मुलगी म्हणाली, “माझी मावशी पण विड्या करायची. ती कुंभारीला राहायला गेली आणि बदललीच. तिथं तिची तिची खोली होती ना.”

(दृश्य: कुंभारी. सारख्या घरांच्या लांबच लांब रांगा, दोरीवर वाळणारे कपडे.)

कुंभारी सोलापूरच्या शेजारीच. विडी कामगार बायकांसाठी इथं कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, 2006 साली. दिवसाला हजार विड्यांच्या हिशेबानं आयुष्य काढलेल्या कितीतरी बायकांना इथं हक्काचं दार मिळालं.

आमच्या एकांकिकेतल्या आईला मग एक विधवा बहीण मिळाली, कुंभारीत राहणारी. आईला तिच्याकडं जाऊन राहायचंय. कायमचं. बहीण दिवाळीपर्यंत खोली अडवून ठेवेल, त्यानंतर भाडेकरू ठेवणार. हे आई कुणालाच सांगत नाही. बाईनं मुलाचं घर सोडून स्वतःच्या मर्जीनं जाणं, हे गल्लीत बोलायचं धाडस तिच्यात नाही. सून घरात आली की मात्र तिला कुणी अडवणार नाही.

आता जुनं वाक्य ऐका: “लग्न कधी करतोस रे?”

शब्द तेच. आधी ते आयांचं ठरलेलं वाक्य होतं, आता ते सुटकेची तारीख विचारतंय. एकतीसपैकी वीसेक वाक्यं आम्ही जशीच्या तशी ठेवली. पण जिथं हेतू खरंच आडवा येतो, तो प्रवेश मुळापासून बदलावा लागला. पूर्वी नरसू म्हणायचा, “दोन वर्षं लग्न नाही, पुण्याला जाणार,” आणि आई आरडाओरडा करायची. आता तो तेच म्हणतो आणि तिचे हात थांबतात. कात्री पानात तशीच. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या. ती विचारते, “आणि पोरगी तिकडंच मिळाली तर?” नरसू हसतो. त्याला वाटतं, आई घाबरली. ती घाबरलेली नाही, ती दुसरी वाट शोधतेय.

या हेतूला तारीख आहे, जागा आहे आणि तो मिळवायला मुलाशी थोडं खोटं वागावं लागतं. “आईला सुख हवंय” एवढंच लिहिलं असतं, तर यातलं एकही वाक्य सुचलं नसतं.

नाटकवाल्यांना यात नवं वाटणार नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की नटाला प्रत्येक प्रवेशात “मला इथं काय हवंय” हे शोधायला लावायचे. पण नटानं शोधायला लेखकानं काही पेरलेलं असावं लागतं. आईला फक्त मुलगा सुधारायला हवा असेल, तर बिचारी नटी काय शोधणार? कमरेवर हात ठेवून उभी राहते, झालं.

(दृश्य: जुना माग. वर जेकार्डचा सांगाडा, त्यातून उतरणारी पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ.)

आता मास्तर. त्यांच्यासाठी आधी हा पत्त्यांचा हार समजून घेतला पाहिजे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर, म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, विणली जाते. आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतात, मग त्याप्रमाणं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल, तर तो खालीच राहतो. पत्ते दोरीनं एकमेकांना ओवलेले असतात, हार फिरत राहतो आणि नक्षी पुन्हापुन्हा उमटते. म्हणजे पत्त्यात चूक असेल, तर तीही उमटत राहते.

आमच्या मास्तरांचा हेतू इथून निघाला. त्यांच्या नावाजलेल्या मोराच्या नक्षीत एका मोराला डोळा नाही. चार पत्त्यांत भोकं पाडायची राहिली होती, आणि मोर तसाच आंधळा विणला जातोय, कितीतरी वर्षं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शनिवारी तो माग भंगारात जाणार, पत्ते मात्र मालकाचा पाहुणा नेणार आणि नव्या मागाला लावणार. मास्तरांना त्याआधी चार पत्ते बदलायचेत, कुणाला न कळता. त्यासाठी मागापाशी तासभर एकट्यानं बसायला मिळालं पाहिजे.

आणि नेमका नरसू शिकायला येऊन बसतो. जायचं नावच घेत नाही!

(दृश्य: तालीम. मास्तर झालेला नट दाराकडं बोट दाखवतोय.)

तर आता शिकवणीचा प्रवेश असा चालतो. मास्तर एक गोष्ट सांगतात आणि म्हणतात, “जा पोरा, चहा घेऊन ये.” तो येतो. “साखर कमी आहे, परत जा.” तो पुन्हा येतो. “दोरी आण. ही नको, जाडी आण.” पहिल्या खर्ड्यात शहाणपणाची वाक्यं होती, तिथं आता एक म्हातारा शिष्याला कटवायला बघतोय, आणि तालमीत पोरं हसून लोळतायत.

एका खर्ड्यात मास्तरांनी सगळं बोलूनच दाखवलं होतं. दीड पान कबुलीजबाब: माझी चूक, माझी लाज, माझा मोर. ते पान आम्ही काढलं. जपून ठेवलेली गोष्ट पात्र आपणहून सांगायला लागलं, की ती त्याची राहत नाही, प्रेक्षकाला वाटलेला प्रसाद होते. त्याऐवजी काय ठेवलं? नरसू तिसऱ्यांदा चहा घेऊन येतो, हार बघतो. सगळे पत्ते जुने, तेलकट, तपकिरी. मधे तीन पांढरेशुभ्र.

तीन. चौथा अजून मास्तरांच्या हातात आहे.

नरसू काही विचारत नाही. कप ठेवतो आणि म्हणतो, “मास्तर, साखर आणायची राहिली.” आणि जातो. त्या प्रवेशात तो जे शिकतो, ते शिकवायचं मास्तरांच्या मनातही नव्हतं.

मरणाचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. खोकला ठेवला, मरण काढलं. घाईसाठी शनिवार पुरेसा होता. मास्तर आजारी आहेत हे प्रेक्षकाला दिसतं, पण ते कशात अडकलेत हे जास्त दिसतं. लेखकाला ते धाग्याचं वाक्य गमवायचं दुःख झालं. चांगलं होतं वाक्य. वहीत आहे.

चहावाल्यालाही असा हेतू द्यायचा का, असं एकानं विचारलं. नाही. त्याची दोन वाक्यं आहेत, त्यानं चहा द्यावा. चाळीस मिनिटांत प्रत्येकाचं गुपित उघडत बसलो, तर नरसू पुण्याला कधी जाणार? जे पात्र नायकाला ढकलतं किंवा अडवतं, त्याच्यापुरतं हे काम. बाकीच्यांना सपाट राहू द्यावं.

(दृश्य: संध्याकाळ, तोच वर्ग. तालीम संपत आलीय.)

शेवट अजून ठरलेला नाही. आई दिवाळीला जाते की राहते, यावरून दोन तट पडलेत. लेखक म्हणतो, राहील. आईचं काम करणारी मुलगी त्याच्याशी वाद घालत नाही. ती सामानाची यादी करणाऱ्या पोराकडं जाते.

“मला एक कापडी पिशवी लागेल,” ती म्हणते. “दोन लुगडी मावतील एवढी. पडदा उघडतो तेव्हापासून दाराशी ठेव.”

“त्यात काय आहे म्हणून सांगू सरांना?”

“विड्यांची पानं म्हणून सांग.”