हात नको, दंड द्या

मला वाट दाखवायला पुढे होणारी माणसं ढोबळमानानं दोन प्रकारची असतात. ढकलणारी आणि ओढणारी. ढकलणारा मागून माझा खांदा पकडतो आणि मला पुढे घालतो. ओढणारा माझं मनगट, नाहीतर थेट काठीचं टोक धरतो आणि चालू पडतो. दोघांच्याही मनात माझं भलंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ढकलणाऱ्याबरोबर चालताना पायरी आधी मला भेटते आणि मग त्याला. ज्याला दिसतं तो मागे, आणि ज्याला दिसत नाही तो पुढे! ओढणाऱ्याबरोबर मला फक्त ओढ कळते. तो वळला, थांबला की खाली उतरला, यातलं काहीच त्या ओढीतून समजत नाही.

म्हणून आजच्या सगळ्या बोलण्यातली पहिली गोष्ट ही, की धरायचं मी, तुम्ही नाही. तुमच्या हाताची पालथी बाजू माझ्या हाताला हलकेच लावा. तेवढ्यावर माझा हात वर सरकतो आणि तुमच्या कोपराच्या थोडं वर, दंडाला धरतो. अंगठा बाहेरच्या बाजूला, चार बोटं तुमच्या दंडाच्या आणि बरगड्यांच्या मध्ये. पेला धरावा तसं, घट्ट नाही. माझं कोपर काटकोनात वाकलेलं, त्यामुळे मी आपोआप तुमच्या अर्धं पाऊल मागे राहतो. तुमचा हात सैल सोडा. पुष्कळ जण इथे लग्नातल्या फोटोसारखा हात ताठ करून उभे राहतात. ताठ हात मुका असतो.

आता, मनगट का नको आणि दंडच का, असं विचाराल. मनगट स्वतःच्या मर्जीनं हलतं. बोलताना हातवारे झाले तरी ते हलतं. दंड मात्र धडाबरोबर हलतो. तुम्ही वळलात की तो वळतो, एक पायरी उतरलात की तेवढाच खाली जातो. म्हणजे पंधरा ते अठरा सेंटिमीटर, आणि एवढा फरक माझ्या बोटांना अगदी स्पष्ट कळतो.

तुम्ही म्हणाल, मग तोंडानं सांगितलं तर काय बिघडलं? जरा हिशेब करू. साधारण चालीनं आपण ताशी साडेचार किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. ‘अहो जपून, पुढे पायरी आहे’ एवढं बोलायला दीड-दोन सेकंद सहज लागतात. तुमचं वाक्य संपेपर्यंत आपण दोन मीटर पुढे गेलेलो असतो, आणि ‘पायरी’ हा शब्द तर शेवटाकडे येतो. शिवाय पायरी वर की खाली, ते राहूनच गेलं. दंडाची बातमी अशी उशिरा येत नाही. तोंडानं सांगायचंच नाही असं नव्हे. जे दंडाला सांगता येत नाही तेवढंच सांगायचं, आणि ते थांबून सांगायचं.

हे नुसतं ऐकून पटणार नाही, म्हणून अलीकडच्याच सरावातली एक वाट सांगतो. सोबतीला एक नवा मुलगा होता, उत्साही आणि बोलका. वाट अशी होती: आधी मोकळी जागा, मग चाळीसेक पावलांचा बोळ, दोन्ही अंगांना उभ्या दुचाक्या आणि समोरून येणारी माणसं. बोळाच्या टोकाला एक दार. दाराच्या आत जेमतेम दोन पावलं सपाट फरशी, आणि लगेच खाली जाणारा अकरा पायऱ्यांचा जिना. दार आपल्याकडे ओढून उघडायचं, बिजागऱ्या उजवीकडे. जिन्याचा कठडाही उजवीकडेच.

ही वाट शेवटाकडून वाचायची असते. कठडा उजवीकडे आहे, म्हणजे जिन्यावर माझा उजवा हात मोकळा हवा. दाराच्या बिजागऱ्या उजवीकडे, म्हणजे दार धरायलाही माझा उजवा हातच लागणार. पण मी तर मुलाच्या डाव्या बाजूला होतो, उजव्या हातानं त्याचा डावा दंड धरून. तेव्हा बाजू बदलणं आलं, आणि ती बोळात शिरण्याआधी, मोकळ्या जागेतच बदलायची. दारापाशी पोचल्यावर हे सुचलं तर मागून येणाऱ्या माणसांच्या गर्दीत दोघांची फुगडी होते. बदलायचं असं: मी डाव्या हातानंही त्याचा तोच दंड धरला, मग उजवा हात त्याच्या पाठीवरून सरकवत पलीकडच्या दंडावर नेला, त्याच्यामागून एक पाऊल बाजूला झालो आणि त्या दंडावर उजव्याच्या जागी डावा हात ठेवला. या सगळ्यात एकदाही स्पर्श सुटला नाही. मोकळ्या जागेत स्पर्श सुटला की मी कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे हे मला सांगता येत नाही.

बोळ आला. मुलानं काही न बोलता माझ्या हातातला आपला हात मागे नेला आणि पालथा हात कमरेच्या मध्यावर टेकवला. ही बोळाची खूण. खूण कळताच मी कोपर सरळ करतो आणि बरोबर त्याच्या पाठीमागे येतो. कोपर सरळ करण्याला फार महत्त्व आहे. ते वाकलेलंच राहिलं तर माझे पाय त्याच्या टाचांवर पडतात. तुमच्या टाचेवर पुनःपुन्हा कुणाचा बूट आला, तर आपली खूण पोचलेली नाही असं समजा आणि हात आणखी मागे न्या.

इथे त्या मुलानं एक चूक केली, जी जवळजवळ प्रत्येक जण करतो. मी ठीक येतोय ना, हे बघायला तो दर चार पावलांनी मान वळवत होता. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर दंड. मला वाटायचं, बोळ डावीकडे वळतोय. दोनदा माझा गुडघा दुचाकीच्या चाकाला लागला तो यामुळेच. तुम्ही पुढे बघा. मी मागे आहे की नाही ते तुमच्या दंडालाही कळत असतंच.

दुसरी चूक उंचीची. तो मुलगा पाच फूट तीन इंच, मी पाच-दहा. एका भिंतीवर लोखंडी पाटी बाहेर आलेली होती. तो तिच्याखालून निवांत गेला, मी कपाळानं वाचली. काठी जमिनीवर फिरते, तिला डोक्याच्या उंचीवरचं काही सापडत नाही, आणि दंडही सांगू शकत नाही. तेव्हा अशा ठिकाणी थांबून ‘डोकं खाली’ म्हणा. मोकळ्या रस्त्यावर, आपण शेजारी शेजारी चालत असताना, हाच नियम रुंदीला लावायचा. माझा बाहेरचा खांदा खांबाच्या पलीकडून जातो की नाही, हे तुमच्याच डोळ्यांनी ठरणार.

दाराशी तो थांबला आणि म्हणाला, “काका, दार आपल्याकडे येतं, बिजागरी उजवीकडे.” उत्तम! याहून एक अक्षर जास्त नको. मग त्यानं हात पुढे आणला, मी उजवीकडून अर्धं पाऊल मागे आलो, आणि मी धरलेल्या हातानंच त्यानं दार ओढलं. त्याच हातानं उघडायचं कारण उघड आहे. ओढ की ढकल, दार जड की हलकं, किती उघडलं, हे सगळं दंडातून माझ्यापर्यंत येतं. मी उजवा तळवा पुढे करून छातीच्या उंचीवर ठेवला होता. दार येऊन त्याला लागलं आणि तिथून पुढे दार माझं. तळवा दाराच्या सपाट भागावर असावा. कडेवर किंवा बिजागरीच्या फटीजवळ बोटं गेली की ती चेंगरतात.

मी चुकीच्या बाजूला असतो तर? दार ज्या बाजूनं परत येतं तिकडचा माझा हात तुमच्या दंडात गुंतलेला राहिला असता. दार आपोआप मिटणारं असेल तर ते खांद्यावर नाहीतर टाचेवर येतं. आणि पाठीनं दार अडवून, मला ‘या या, तुम्ही आधी’ म्हणणारी सभ्य माणसं मला अगदी घाबरवतात. त्या दारापलीकडे दोन पावलांवर जिना होता.

आत गेल्यावर मी दार सोडलं आणि तो पुन्हा थांबला. “खाली जिना. कठडा तुमच्या उजव्या हाताला.” ‘खाली’ हा शब्द पहिला आला, हे लक्षात घ्या. जिन्याला कधी तिरकं भिडू नका, कड पायांशी आडवी यायला हवी. तिरकं उभं राहिलं तर माझा एक पाय पायरीवर आणि दुसरा हवेत असतो. तो कडेला थांबला, मी त्याच्या बरोबरीला आलो, बुटाच्या टोकानं कड चाचपली, कठडा धरला. मग तो एक पायरी उतरला. दंड खाली गेला, मी उतरलो. त्यानंतर तो कायम एक पायरी पुढे. माझं वजन टाचांवर, कारण पुढे झुकलो तर दोघेही जाऊ.

पायऱ्या मोजून सांगण्याचा मोह टाळा. मी वर ‘अकरा’ म्हटलं ते नंतर स्वतः मोजून. तुम्ही दहा म्हणालात आणि निघाल्या अकरा, तर मी शेवटच्या पायरीवर फरशी समजून पाय टाकणार. पण न मोजताही हाच घात होतो, आणि तो खाली पोचताना होतो. मुलगा फरशीवर पोचला आणि आनंदानं म्हणाला, “झालं!” त्याचं झालं होतं. मी अजून एक पायरी वर होतो. त्याचा दंड सपाट झालेला मला कळत होता, पण शब्दानं त्याच्यावर मात केली, आणि मी सपाट पाऊल टाकलं. कठड्यामुळे वाचलो. तिथे म्हणायचं ‘अजून एक’, आणि माझे दोन्ही पाय फरशीवर येईपर्यंत उभं राहायचं. जिना चढतानाही तसंच: तुम्ही वर पोचलात की एक पाऊल पुढे सरकून थांबा, म्हणजे मला शेवटच्या पायरीपुरती जागा मिळते.

अपवाद पुष्कळ आहेत. लहान मूल दंडाऐवजी मनगट धरेल, फार बुटक्या सोबत्याचा खांदा धरावा लागेल, तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हातात हात गुंफून शेजारीच न्यावं लागेल, आणि लिफ्ट असेल तर जिना सोडूनच द्यावा. माणसाला विचारा, त्याला ठाऊक असतं.

खाली पोचल्यावर त्या मुलाचा फोन वाजला. तो “एक मिनिट हं काका” म्हणून दंड सोडवून निघून गेला. मी एका मोठ्या हॉलच्या मधोमध, हातात काहीच नाही, चारी बाजूंना आवाज. जायचं असेल तर खुशाल जा. पण आधी माझा हात भिंतीला, कठड्याला किंवा खुर्चीच्या पाठीला लावून द्या, आणि ‘मी जातोय’ म्हणा. नाहीतर मी पाच मिनिटं तुमच्याशीच बोलत राहतो. त्या दिवशी मी त्याला ती लोखंडी पाटी कुठल्या रंगाची होती हे विचारत होतो, आणि उत्तर एका अनोळखी बाईंनी दिलं, की इथे पाटी कुठेच नाही.