लॉगच्या आधी गुणोत्तर

हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ते फळ्यावर लिहीत नाही. फक्त त्याचा क्रम आठवून देतो. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये जे मांडलं त्यात लॉग नव्हताच. सामू ही कल्पनाच सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये दिली, आणि लॉग आला हॅसलबाल्क यांच्या हातून, १९१६ साली. मूळ विधान साधं आहे: हायड्रोजन आयन किती, हे आम्ल आणि त्याचा क्षार यांच्या गुणोत्तरावर ठरतं. आपण मात्र मुलांना लॉगपासून सुरुवात करायला लावतो, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

एका प्रात्यक्षिकाची गोष्ट सांगतो. १०० मिलिलिटर बफर, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल १० मिलिमोल आणि सोडिअम अ‍ॅसिटेटही १० मिलिमोल. त्यात १ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड १ मिलिलिटर, म्हणजे १ मिलिमोल घालायचं. एका मुलाने गणित केलं: क्षार १० चा ११ झाला, लॉग १.१ म्हणजे ०.०४, तेवढाच सामू वाढणार. मीटरवर वाढ दिसली ०.०९. त्याने इलेक्ट्रोड धुतला, मीटर पुन्हा प्रमाणित केलं, एकदा नव्हे तीनदा. आकडा हलेना. बिचारा रडवेला झाला. त्यात मीटर सुरुवातीलाच पुस्तकातल्या ४.७६ ऐवजी ४.६५ दाखवत होतं, त्यामुळे संशय पक्का झाला. पण तो फरक आयनांच्या परस्पर आकर्षणामुळे पडतो. एवढ्या संहतीला तो पडायचाच. मीटर खरं बोलत होतं.

चूक कुठे होती? हायड्रॉक्साइड आकाशातून अ‍ॅसिटेट आणत नाही, ते आम्ल खाऊन अ‍ॅसिटेट बनवतं. एक वाढला, तसा दुसरीकडे एक घटलाही. आम्ल ९, क्षार ११. वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा झटपट उरकतो:

pH = 4.76 + log(11/9) = 4.85

आकारमान १०१ झालं, तरी ते वर-खाली दोन्हीकडे असल्याने कटतं, मिलिमोलच भरा. हेच १ मिलिमोल १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात घातलं तर सामू ७ वरून थेट १२ वर जातो.

आता मर्यादा. ९ मिलिमोल घातलं की आम्ल १, क्षार १९, सामू ६.०४. दहाव्या मिलिमोलला आम्ल संपतं आणि समीकरणही तिथेच थांबतं. शून्याने भागणार कसं? तिथे अ‍ॅसिटेटच्या जलअपघटनाचं गणित करावं लागतं, सामू ९ च्या आसपास येतो. अकराव्याला १ मिलिमोल हायड्रॉक्साइड मोकळं उरतं, आणि सामू जवळजवळ १२.